भांडण नडगीवरच्या लाथेचं नव्हतं

फुटबॉल आणि रग्बी एकमेकांपासून वेगळे कसे झाले, असं कुणाला विचारलं तर उत्तरादाखल दोनपैकी एक गोष्ट ऐकायला मिळते. पहिली विल्यम वेब एलिसची. 1823 मध्ये रग्बी नावाच्या शाळेत या मुलाने खेळता खेळता चेंडू उचलला, काखेत मारला आणि तो धावत सुटला. झाला रग्बीचा जन्म. दुसरी गोष्ट जरा जाणकारांची. 1863 मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनच्या बैठका झाल्या, त्यात प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याला, म्हणजे हॅकिंगला, परवानगी असावी की नाही यावर वाजलं, आणि लाथेचे समर्थक उठून गेले. सभ्य लोकांचा फुटबॉल राहिला, रांगड्यांचं रग्बी झालं.

पहिल्या गोष्टीवर फार वेळ घालवायला नको. ती पहिल्यांदा लिहिली मॅथ्यू ब्लॉक्सम या रग्बीच्याच माजी विद्यार्थ्याने, तीही 1876 मध्ये, म्हणजे कथित घटनेनंतर अर्ध्या शतकाने आणि एलिस वारल्यावर. ब्लॉक्समने स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. 1895 मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी रीतसर चौकशी केली, तेव्हाही डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार सापडला नाही. तरी रग्बीच्या विश्वचषकाला एलिसचंच नाव आहे. असो.

दुसरी गोष्ट मात्र खोडून काढण्यासारखी आहे, कारण ती अर्धी खरी आहे. बैठका झाल्या, हॅकिंगवर वाद झाला, ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला, हे सगळं नोंदलेलं आहे. माझं म्हणणं इतकंच की हॅकिंग हे भांडणाचं निमित्त होतं, कारण नव्हे. खरा न मिटणारा प्रश्न चेंडू हातात घेऊन पळण्याचा होता. ब्लॅकहीथच्या माणसाने चुकीच्या कलमासाठी जीव टाकला, म्हणून त्याचं बरोबर कलमही त्याच्याबरोबर बुडालं.

हे समजून घ्यायला आधी नियम लिहिले का गेले ते पाहावं लागेल. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळपास प्रत्येक मोठ्या निवासी शाळेचा स्वतःचा फुटबॉल होता. ईटनचा वेगळा, हॅरोचा वेगळा, विंचेस्टरचा वेगळा, रग्बीचा वेगळा. आपल्या गल्ली क्रिकेटसारखंच ते होतं: एक टप्पा आऊट चालतं की नाही, समोरच्या गॅलरीत गेलं तर सिक्स की आऊट, हे त्या त्या गल्लीत जन्मलेल्याला माहीतच असतं, लिहून कोण ठेवणार? शाळेच्या आवारात वर्षानुवर्षं तीच मुलं खेळतात, वाद झाला तर वरच्या वर्गातले निकाल देतात. लिखित नियमांची गरज पडत नाही.

रग्बी शाळेने 1845 मध्ये नियम लिहिले, तेव्हाही ते सबंध खेळाचे नियम म्हणून लिहिले नव्हते. तिघा विद्यार्थ्यांनी ते काम केलं: विल्यम डेलाफील्ड अर्नल्ड, वॉल्टर शर्ली आणि फ्रेडरिक हचिन्स. यातला अर्नल्ड हा शाळेचे नावाजलेले मुख्याध्यापक थॉमस अर्नल्ड यांचा मुलगा. पुढे तो कंपनीच्या फौजेतून हिंदुस्थानात आला आणि पंजाबात सार्वजनिक शिक्षणाचा संचालक झाला. या मुलांनी प्रस्तावनेत साफ म्हटलं आहे की हे खेळाचे सगळे कायदे नव्हेत, वादग्रस्त मुद्द्यांवरचे निवाडे आहेत. बाकीचं रग्बीच्या मुलांना इतकं ठाऊक आहे की समजावण्याची गरज नाही. म्हणजे 37 कलमं लिहूनही खेळ कसा खेळायचा ते त्यात नाहीच. आहे ते फक्त जिथे भांडणं होत होती तिथलं.

आणि भांडणं कुठे होत होती तेही त्यावरून कळतं. चेंडू घेऊन पळायला परवानगी आहे, पण तो जमिनीवरून उचललेला नसावा. झेललेला किंवा टप्प्यावर हातात आलेला हवा. हॅकिंगला परवानगी आहे, पण टाचेने नाही आणि गुडघ्याच्या वर नाही. बुटांच्या टाचांना किंवा तळव्यांना बाहेर आलेले खिळे आणि लोखंडी पट्ट्या नकोत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, ते बराच प्रवास करणार आहे.

घोळ सुरू झाला तो ही मुलं शाळेतून बाहेर पडल्यावर. केंब्रिजला ईटनचा, हॅरोचा आणि रग्बीचा मुलगा एकाच मैदानावर आले की पाच मिनिटांत खेळ थांबायचा, कारण एकाला जो डाव वाटे तो दुसऱ्याला गुन्हा वाटे. 1848 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून समाईक नियम केले. त्या वर्षीची मूळ प्रत काही हाती लागलेली नाही, पण पुढे 1856 च्या सुमाराची एक आवृत्ती टिकली आहे. शेफील्डमध्ये वेगळीच वाट निघाली. तिथे नॅथॅनियल क्रेझविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी 1857 मध्ये क्लब काढला आणि पुढच्या वर्षी त्याचे नियम ठरवले. हे गावातले व्यवसाय-धंदेवाले लोक. त्यांच्या नियमांत चेंडू घेऊन पळणं नव्हतं, हॅकिंग नव्हतं आणि ऑफसाइडही नव्हता. म्हणजे लंडनवाल्यांच्या पाच वर्षं आधी, कुणी रुसून न जाता, लाथेशिवायचा फुटबॉल लिहूनही झाला होता.

लंडनमध्ये अडचण क्लबांची होती. नोकरी-धंदा करणारी तरुण मंडळी शनिवारी दुपारी खेळायला जमत. आज बार्न्समध्ये, पुढच्या शनिवारी किल्बर्नमध्ये. दर सामन्याआधी नियम ठरवायचे, अर्धा वेळ यजमानांच्या आणि अर्धा वेळ पाहुण्यांच्या नियमांनी खेळायचं, असे तोडगे चालत. बार्न्स क्लबचा एबेनेझर कॉब मोर्ली हा पेशाने सॉलिसिटर. त्याच्या पुढाकाराने 26 ऑक्टोबर 1863 ला ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये लंडन आणि आसपासच्या डझनभर क्लब-शाळांचे प्रतिनिधी जमले. संघटना स्थापन झाली, किल्बर्नच्या ‘नो नेम्स’ क्लबचा आर्थर पेंबर अध्यक्ष, मोर्ली चिटणीस, आणि खजिनदार ब्लॅकहीथचा फ्रान्सिस मॉल कॅम्बेल. चार्टरहाउस शाळेचा प्रतिनिधी आला होता, पण बाकीच्या मोठ्या शाळा येईपर्यंत आम्ही सामील होणार नाही असं सांगून बसला. बाकीच्या मोठ्या शाळा आल्याच नाहीत. त्यांना आपापले खेळ पुरेसे होते.

नोव्हेंबरात बैठका होत गेल्या आणि मोर्लीने 23 कलमांचा मसुदा तयार केला. या मसुद्याची एक गंमत अशी की तो बऱ्यापैकी रग्बीच्या वळणाचा होता. नवव्या कलमात म्हटलं होतं की खेळाडूने चेंडू थेट झेलला किंवा पहिल्या टप्प्यावर पकडला तर त्याला प्रतिपक्षाच्या गोलकडे चेंडू घेऊन पळता येईल. मात्र थेट झेल घेऊन त्याने टाचेने जमिनीवर खूण केली, तर पळायचं नाही, फ्री किक घ्यायची. दहाव्या कलमात म्हटलं होतं की कुणी असा पळू लागला तर प्रतिपक्षाचा कुणीही त्याला धडक देऊ शकतो, धरू शकतो, पाय घालून पाडू शकतो, हॅक करू शकतो किंवा त्याच्या हातून चेंडू हिसकावू शकतो. पण एकाच वेळी धरणं आणि हॅक करणं चालणार नाही.

ही दोन कलमं शेजारी ठेवून नीट वाचा. दहावं कलम नवव्याच्या पोटातून निघालं आहे. मसुद्यात वाटेल त्याला वाटेल तेव्हा लाथ मारायची मुभा नव्हतीच. जो चेंडू घेऊन पळतो आहे त्यालाच, आणि पळतो आहे तोवरच. म्हणजे हॅकिंग हा स्वतंत्र हक्क नव्हता, पळणाऱ्याला थांबवण्याच्या पाच उपायांपैकी तो एक होता. नववं काढलं की दहावं आपोआप पडतं, कारण लाथ मारायला कुणी उरत नाही. उलट मात्र होत नाही. दहाव्यातून फक्त ‘हॅक’ आणि ‘पाय घालून पाडणं’ हे शब्द काढले, तरी धडक, धरणं आणि हिसकावणं शिल्लक राहतं आणि खेळ चालू राहतो. तो कसा चालू राहतो हे आज कुठलाही रग्बीचा सामना लावून बघता येतं.

ही साधी गोष्ट त्या खोलीत कुणी नीट मांडली असती, तर इतिहास वेगळा झाला असता असं मला वाटतं. पण घडलं भलतंच. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केंब्रिजचे नवे नियम वर्तमानपत्रांत छापून आले. नऊ जणांच्या समितीने ते केले होते. तीत ईटन, हॅरो, वेस्टमिन्स्टर, श्रूजबरी, मार्लबरो आणि खुद्द रग्बी या शाळांतून आलेली मुलं होती. या नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती आणि हॅकिंगलाही. बैठकीतल्या ज्यांना हॅकिंग खुपत होतं त्यांना हे आयतंच सापडलं. 24 नोव्हेंबरच्या बैठकीत केंब्रिजचे नियम कसे उत्तम आहेत यावर ठराव, त्यावर उपसूचना, उपसूचनेवर उपसूचना असं सुरू झालं. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्याला ते वातावरण वेगळं समजावून सांगायला नको.

1 डिसेंबरला खडाजंगी झाली. मोर्लीचा युक्तिवाद मुद्दाम पाहण्यासारखा आहे. हॅकिंग प्रत्यक्षात वाटतं तितकं भयंकर नाही, ते नावाने आणि कागदावरच जास्त भयंकर दिसतं, असं त्याने स्वतः कबूल केलं. तरीही त्याचा विरोध होता, कारण नियमांत ते लिहिलेलं राहिलं तर समजत्या वयाचा कुणी माणूस फुटबॉल खेळायला येणार नाही, खेळ शाळकरी मुलांपुरता उरेल. हा वकिलाचा मुद्दा आहे आणि तो मला फार पटतो. शाळेच्या मैदानावर रूढी म्हणून जे खपून जातं, तेच छापील कलम झालं की नवख्या क्लबाचा माणूस ते वाचतो आणि लांब राहतो. सोमवारी त्याला कचेरीत जायचं असतं.

कॅम्बेलचं उत्तर जोरदार होतं, आणि तिथेच तो हरला. हॅकिंग हाच खरा फुटबॉल, असं तो म्हणाला. ते काढाल तर खेळातली हिंमत आणि धमक जाईल, आणि मग मी फ्रेंच लोक आणून आठवड्याच्या सरावाने तुम्हाला हरवून दाखवीन. ज्यांचा हॅकिंगला विरोध आहे त्यांना मर्दानी खेळापेक्षा पाइप आणि दारू जास्त प्रिय आहे, असाही टोला त्याने मारला. पेंबरने आपला अनुभव सांगितला: नुकताच मी पंधरा जणांचा संघ घेऊन सामन्याला गेलो होतो, त्यात पब्लिक स्कूलमध्ये न शिकलेला मी एकटाच, आणि तरीही आम्ही सगळे हॅकिंगच्या पूर्ण विरुद्ध होतो. ब्लॅकहीथवाल्यांना असंही सुनावलं गेलं की नोकरी-धंदा करणाऱ्यांचे तीन क्लबसुद्धा लंडनमध्ये तुमच्याशी खेळायला तयार होणार नाहीत, त्यांना हातपाय जपायचे असतात.

या सगळ्या वादात पळण्याबद्दल काय बोललं गेलं? जवळजवळ काही नाही. सगळी चर्चा नडगीवर. कॅम्बेलला खरं वाचवायचं होतं ते पळणं. ब्लॅकहीथचा खेळ त्यावर उभा होता. पण त्याने लढाईची जागा अशी निवडली की जिथे समोरच्याकडे भीतीही होती आणि व्यवहारही, आणि त्याच्याकडे फक्त मर्दानगीची भाषा. त्या रात्रीचा कौल 13 विरुद्ध 4 असा त्याच्या विरोधात गेला. नववं आणि दहावं ही दोन्ही कलमं एकत्रच खोडली गेली.

एका बाबतीत मात्र कॅम्बेलची तक्रार रास्त होती. आधीच्या बैठकांत पळणं आणि हॅकिंग ही दोन्ही मान्य धरून मसुदा झाला होता. मग केंब्रिजचे नियम आले, हजेरी बदलली आणि झालेला निर्णय फिरवला गेला. शाळांच्या प्रतिनिधींना येता यावं म्हणून सुटीपर्यंत बैठक पुढे ढकला, ही त्याची मागणीही मानली गेली नाही. सभाशास्त्राच्या दृष्टीने अध्यक्ष-चिटणिसांची घाई बरी दिसत नाही. 8 डिसेंबरला शेवटची बैठक झाली. संघटनेचा हेतू आम्हाला मान्य आहे, पण हे नियम खेळाचा आणि त्यातल्या गोडीचा नाश करतील, असं सांगून कॅम्बेलने ब्लॅकहीथचं नाव काढून घेतलं.

आता त्या डिसेंबरात जे 13 नियम छापले गेले ते उघडून पाहू. ‘हात विरुद्ध पाय’ अशी विभागणी झाली असं समजणाऱ्याला इथे धक्का बसेल. मैदान जास्तीत जास्त 200 यार्ड लांब आणि 100 यार्ड रुंद. गोलचे दोन खांब 8 यार्ड अंतरावर, त्यांच्यावर आडवी दांडी नाही, दोरीही नाही. खांबांच्या मधून चेंडू कितीही उंचीवरून गेला तरी गोल. प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायच्या. थेट झेल घेऊन टाचेने खूण केली की फ्री किक मिळणार, म्हणजे हाताने चेंडू पकडणं चालत होतं. चेंडू गोलरेषेच्या पलीकडे गेला आणि तिथे हल्ला करणाऱ्या बाजूच्या खेळाडूने आधी हात लावला, तर त्याला रेषेपासून 15 यार्डांवरून गोलवर फ्री किक. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवतात त्या ‘ट्राय’चं हे सख्खं भावंड आहे. ऑफसाइड तर थेट रग्बीचा: तुमच्या माणसाने चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही त्याच्या पुढे असाल तर तुम्ही खेळाबाहेर. पुढे पास देणं जवळपास अशक्य. आणि तेराव्या नियमात बुटांना बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या आणि गटापर्चा हा रबरासारखा कडक पदार्थ यांना बंदी. रग्बीच्या तिघा मुलांचं 1845 चं वाक्य, थोडी भर घालून, फुटबॉलच्या पहिल्या नियमांत येऊन बसलं होतं.

म्हणजे डिसेंबर 1863 मध्ये जो खेळ कागदावर होता, तो आजच्या फुटबॉलपेक्षा पळणं वजा केलेल्या रग्बीच्या जास्त जवळचा होता. फरक नवव्या नियमाचा: कुणीही चेंडू घेऊन पळणार नाही. आणि हा एकच फरक इतका खोलवर जाणारा होता की बाकी सगळं त्याच्यामागून बदलत गेलं.

कसं ते सांगतो. चेंडू हातात घेऊन पळायची मुभा दिली की पळणाऱ्याला हाताने धरायची मुभा द्यावीच लागते, नाहीतर त्याला कोण थांबवणार? धरलं की चेंडू माणसांच्या गर्दीत अडकतो, म्हणून तो सोडवायची पद्धत, म्हणजे स्क्रमेज, लागते. स्क्रमेजला अर्थ राहायचा तर दोन्ही बाजू चेंडूच्या मागे राहिल्या पाहिजेत, म्हणून ऑफसाइड कडक ठेवावा लागतो. कडक ऑफसाइडमुळे पुढे सरकण्याचा मुख्य मार्ग पुन्हा पळणं हाच उरतो. हे वर्तुळ पूर्ण आहे आणि त्यात हॅकिंग कुठेही आवश्यक नाही. उलट पळणं काढून टाकलं, की चेंडू कायम मोकळा असतो, माणसाला धरण्यात काही फायदा राहत नाही, आणि चेंडूच्या मागे गर्दी करण्याचं कारणही जातं. मग कधीतरी कुणीतरी विचारणारच: पुढे उभ्या असलेल्या आपल्या माणसाला चेंडू का मारू नये?

ते 1866 मध्ये विचारलं गेलं. असोसिएशनने ऑफसाइड सैल केला: तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असले तर तुम्ही चेंडूच्या पुढे असूनही खेळात आहात. त्याच सुमारास खांबांच्या मध्ये दोरी आली आणि झेलाची फ्री किक गेली. 1870 मध्ये हाताने खेळायला सगळ्यांनाच मनाई झाली, आणि 1871 मध्ये त्यातून सुटलेला एक जण, गोलकीपर, नियमांत आला. 1872 मध्ये शेफील्डची कॉर्नर किक लंडनने उचलली. माझ्या मते दोन खेळांची ताटातूट खऱ्या अर्थाने 1866 मध्ये पक्की झाली, कारण पुढे पास देता येणं हा बदल मागे फिरवता येण्यासारखा नव्हता. रग्बीत आजही हाताने दिलेला पास पुढे जात नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो तो शाळांच्या अभिमानाचा. ईटन-हॅरोवाल्यांना रग्बीचा खेळ नको होता आणि रग्बीवाल्यांना ईटनचा, बाकी सगळी सजावट, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य आहे, पण ते पुरत नाही. केंब्रिजच्या समितीत रग्बी आणि मार्लबरो दोन्हीकडची मुलं होती, तरी त्यांनी पळणं सोडलं. शेफील्डच्या क्लबाने या वादाच्या दिवसांत लंडनला पत्र पाठवून पळण्याला आणि हॅकिंगला विरोध कळवला. चिटणीस विल्यम चेस्टरमनच्या मते नववं आणि दहावं ही दोन्ही कलमं फुटबॉलच्या थेट विरुद्ध होती, आणि दहावं तर कुस्तीलाच जवळचं होतं. या मंडळींना ईटनशी काही देणंघेणं नव्हतं. शेफील्डचं पत्र वाचलं की जाणवतं, खेळाच्या बांधणीचा प्रश्न काय आहे हे लंडनपेक्षा त्यांना स्वच्छ दिसत होतं.

नव्या नियमांनी लगेच जग जिंकलं असंही नाही. 19 डिसेंबर 1863 ला मॉर्टलेकला बार्न्स आणि रिचमंड यांच्यात या नियमांनी सामना झाला, एकही गोल झाला नाही. पाहुण्या रिचमंडला नियम पटले नाहीत. तो क्लब पुढे रग्बीच्या बाजूला गेला. 1867 पर्यंत असोसिएशनची हालत अशी होती की ती चालवायची की मोडून टाकायची, हा प्रश्न खुद्द मोर्लीने सभेत काढला. तेव्हा धीर दिला तो शेफील्डने.

आणि दुसरीकडे? ज्यांच्यासाठी हॅकिंग म्हणजे खेळाचा प्राण होता त्यांचं काय झालं? 1863 नंतर रग्बीच्या पद्धतीने खेळणाऱ्या क्लबांची कुठलीच संघटना नव्हती, प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे. तिथेही नोकरी करणारी माणसं खेळत होतीच आणि तिथेही कचेरीचा सोमवार होताच. 1870 च्या उत्तरार्धात रग्बी शाळेतल्या दुखापतींवर ‘टाइम्स’मध्ये टीका छापून आली. त्याच डिसेंबरात रिचमंड आणि ब्लॅकहीथच्या चिटणिसांनी ‘टाइम्स’मध्येच पत्र लिहून समाईक नियमांसाठी एकत्र येण्याचं आवाहन केलं. 26 जानेवारी 1871 ला लंडनमध्ये पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये 21 क्लब जमले आणि रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. नियम लिहिण्याचं काम रग्बी शाळेतून शिकलेल्या तीन वकिलांकडे गेलं आणि जूनपर्यंत 59 कलमं मंजूर झाली. त्यात चेंडू घेऊन पळणं आहे, धरणं आहे, स्क्रमेज आहे. आणि हॅकिंग? कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही, असं स्पष्ट कलम आहे. पाय घालून पाडणंही नाही. पुढच्या कलमात बुटांना खिळे, पट्ट्या आणि गटापर्चा नको, हेही आहे.

म्हणजे मोर्लीने 1863 मध्ये कागदावर काय दिसेल याबद्दल जी काळजी व्यक्त केली होती, ती ब्लॅकहीथने आठ वर्षांनी स्वतःच मान्य केली. ज्या कलमासाठी कॅम्बेल टॅव्हर्नमधून उठून गेला, ते कलम त्याच्याच क्लबाने इतरांच्या बरोबरीने निकालात काढलं आणि त्यानंतर कुणीही म्हटलं नाही की चला, आता अडसर दूर झाला, असोसिएशनकडे परत जाऊ. भांडण खरोखर लाथेचं असतं तर 1871 मध्ये ते मिटलं असतं. ते मिटलं नाही, कारण तोवर एका बाजूला चेंडू पुढे मारून खेळायची सवय लागली होती आणि दुसऱ्या बाजूला तो काखेत घेऊन पळायची.

काही जण म्हणतात की बरंच झालं, दोन सुंदर खेळ मिळाले. असेलही. पण 1 डिसेंबरच्या रात्री कुणालाच दोन खेळ नको होते. सगळे एका खेळासाठी जमले होते. कॅम्बेलने तेव्हा म्हटलं असतं की दहाव्या कलमातली लाथ काढा, पण धरणं आणि नववं कलम ठेवा, तर पेंबर आणि मोर्लीला उत्तर द्यायला जड गेलं असतं, कारण दुखापत आणि कचेरी हे दोन्ही मुद्दे निकामी झाले असते. उरला असता तो निव्वळ पळण्याचा प्रश्न. त्यावर लंडनच्या क्लबांचं मत कुठे झुकलं असतं हे नक्की सांगता येत नाही, कारण मोर्लीच्या मूळ मसुद्यात पळणं होतंच आणि नोव्हेंबरात त्यावर कुणी आरडाओरडा केलेला नव्हता.